आंबा सल्लागाराने लिंक्डइनवर काय लिहावं

तुम्ही रत्नागिरीत आंबा बागांना सल्ला देता. शेतकीची पदवी आहे, बऱ्याच बागा नजरेखालून गेल्या आहेत. आता कोणीतरी सांगितलंय, लिंक्डइनवर लिहा, नाव होईल. आणि तुम्ही अडून बसला आहात, कारण आपली आरती आपणच ओवाळायची सवय नाही.

आधी वाचणार कोण, ते बघा. पावसचा बागायतदार बहुधा लिंक्डइन उघडत नाही. त्याचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. पण त्याचा पुण्यातला मुलगा उघडतो, ठाण्याची मुलगी उघडते. बाग वडिलांची आणि फवारणीचे पैसे मुलाचे, अशी घरं आपल्याकडे थोडी नाहीत. शिवाय पल्पवाले आणि निर्यातदारही तिथे असतात. या लोकांना तुमच्या मोठेपणात रस नाही. यंदा मोहोर का गळला, एवढंच त्यांना कळायला हवं असतं.

म्हणून पोस्ट झाडावर लिहा. तुम्ही त्यात आपोआप दिसता.

नावाखालच्या ओळीपासून सुरुवात करा. ‘आंबा तज्ज्ञ आणि मार्गदर्शक’ यातून कोणालाच काही समजत नाही. ‘रत्नागिरी आणि राजापूर भागातल्या हापूस बागा, मोहोरापासून काढणीपर्यंत’ असं लिहा. काय करता आणि कुठे करता, दोन्ही कळलं. यात बढाई कुठे आहे?

मग हंगाम धरून पाच-सहा पोस्ट ठरवा. मोहोर आला की तुडतुड्यांवर एक. फळ वाटाण्याएवढं झालं की गळीवर एक. मार्चमध्ये फळमाशीच्या सापळ्यावर एक. एप्रिलमध्ये काढणी आणि साका. शेवटची जूनमध्ये, हिशेबाची. विषय झाडच पुरवतं, डोकं खाजवत बसावं लागत नाही. फक्त बागेतून आल्यावर त्याच संध्याकाळी वहीत चार ओळी टिपा आणि फोटो काढून ठेवा. आठ दिवसांनी आठवून लिहिलेलं नेहमी फुगतं.

साक्याची पोस्ट नमुन्याला घेऊ, कारण मोह तिथेच जास्त असतो. साका बाहेरून दिसत नाही. आंबा पिवळाधमक, वासही येतो, आणि कापला की आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर. गिऱ्हाइकाचा विश्वास तिथेच उडतो. त्यामुळे साका कमी केला असं कोणी म्हटलं की सगळे कान टवकारतात.

बहुतेक जण असं लिहितात: ‘आमच्या शास्त्रीय मार्गदर्शनामुळे अनेक बागा साकामुक्त झाल्या. बागायतदारांनी दाखवलेल्या विश्वासाबद्दल नम्रपणे ऋणी आहे.’ यात एकही गोष्ट पडताळता येत नाही. कुठली बाग, काय केलं, किती फरक पडला? आणि तो ‘नम्रपणे’ शब्द तर आधी काढा. नम्रपणा सांगायला लागलो की तो संपलाच म्हणायचा.

आता हेच असं लिहून बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

‘कातळावरची बाग. मार्चमध्ये तीस झाडांखाली सुक्या गवताचं आच्छादन घातलं, शेजारची तीस तशीच ठेवली. सगळा आंबा चौदा आण्याला, सकाळी उन्हं चढायच्या आत, झेल्याने काढला. पिकल्यावर दोन्हीकडचे पन्नास-पन्नास आंबे कापले. आच्छादनाकडे चार साक्याचे निघाले, दुसरीकडे नऊ. हे एका बागेतलं, एकाच वर्षाचं. चौदा आण्याला काढणी ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. गवत गड्यांनी वाहिलं, आंबे मोजून कापले ते बागेच्या मालकीणबाईंनी.’

यात ‘मी’ एकदाही नाही. तरी वाचणाऱ्याला समजतं की या माणसाने अर्धी झाडं मुद्दाम सोडली, म्हणजे ताडून बघायची अक्कल याला आहे. जमिनीची धग आणि साका यांचा संबंध याला ठाऊक आहे. पूर्ण तयार होईपर्यंत आंबा झाडावर ठेवला तर साका वाढतो, हेही याला माहीत आहे. ‘एकाच वर्षाचं’ हे दोन शब्द तर गाळूच नका. पन्नास आंब्यांवरून छातीठोक बोलता येत नाही, आणि जाणता वाचणारा नेमकी तीच गोष्ट शोधत असतो.

पहिली ओळ जपून लिहा. लिंक्डइनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला दाबावं लागतं. ‘मला सांगायला अत्यंत आनंद होतो की’ यात त्या ओळी खर्ची पडल्या, तर गवत आणि साका खाली दडून राहतील. जागा तीन हजार अक्षरांची मिळते. ती भरलीच पाहिजे असं नाही. दीडशे शब्द पुरतात.

आता जपायच्या गोष्टी. या चुकल्या तर नुकसान दुसऱ्याचं होतं.

मालकाला विचारल्याशिवाय बागेचं नाव घालू नका. आपल्याकडे बऱ्याच बागा सामायिक. ‘अमुक यांच्या बागेत विक्रमी पीक’ असं तुम्ही लिहिलंत की मुंबईचे तीन भाऊबंद सातबारा काढून हजर होतात. बाग कराराने दिलेली असेल तर पुढच्या वर्षीच्या रकमेची ओढाताण त्याच पोस्टवरून सुरू होते. काढणीच्या आधी फळाने लगडलेल्या झाडाचा फोटो ठिकाणासकट टाकणं म्हणजे चोराला वाट दाखवणं. फोटो आंबा उतरल्यावर टाका.

औषधाचं प्रमाण पोस्टमध्ये लिहू नका. तुम्ही लिहिता ते एका झाडाचं वय आणि विस्तार बघून. वाचणारा तेच आपल्या कोवळ्या कलमांना देतो. विशेषतः कल्टारच्या बाबतीत हा धोका मोठा आहे. जास्त पडलं तर पालवी आखडते आणि झाड पुढे कैक महिने ते भोगतं. प्रमाण विचारायला कोणी आलं तर झाडाचा फोटो आणि घेर मागा, मग बोला. निर्यातीच्या बागेत औषधाचा अंश फळात राहिला तर माल अडकतो, हेही तिथे सांगा.

मानांकनाचा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं, ते फळाला आणि तिथल्या पाच जिल्ह्यांना. नोंदणी बागायतदाराची होते. तुम्ही त्याचे कागद भरून दिले असतील तर तसंच लिहा, ‘नोंदणीचे कागद करून दिले’. हे कामही सगळ्यांना जमत नाही.

फसलेलं कामही लिहा, पण रडगाणं नको. अवकाळी पावसानंतर भुरी आटोक्यात आली नाही, तर कधी पाऊस झाला, फवारणी किती दिवसांनी झाली, मोहोर कुठल्या अवस्थेत होता, एवढं द्या. पुढच्या वेळी काय बदलणार ते एका वाक्यात. मालकाची चूक असली तरी ती तिथे काढू नका. तो वाचत नसला तरी त्याचा जावई वाचतो.

आणि जूनची पोस्ट टाळू नका. पेट्या गेल्या, आता कोण वाचतंय, असं वाटतं खरं. पण कल्टार द्यायचं तर ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि द्यायचं की यंदा झाडाला विसावा द्यायचा, हे घराघरांत त्याआधी ठरतं. नव्या बागांचे फोन साधारण याच दिवसांत येतात. त्या पोस्टमध्ये वर्षात काय जमलं, काय नाही, ते लिहा. किती नव्या बागा घेऊ शकाल आणि एका फेरीचे पैसे किती, तेही सरळ सांगा. दर लपवला की लोक विचारायला बिचकतात, आणि शेजारच्याला फोन करतात.