फीच्या मेसेजच्या करारावर सही करण्याआधी: जांबोटी भागातल्या शाळांना आणि पालकांना आवाहन

जांबोटी, कणकुंबी, आमगाव परिसरातल्या पालकांनो आणि खासगी शाळांच्या मुख्याध्यापकांनो,

शाळा सुरू व्हायची वेळ आली की फीची आठवण पालकांच्या मोबाइलवर आपोआप पाठवून देतो म्हणणारे विक्रेते दारात येतात. सही लगेच हवी असते. आमचे कळकळीचे म्हणणे आहे की पुढच्या प्रश्नांची उत्तरे लेखी हातात पडेपर्यंत कोणत्याही हेडमास्तरांनी ती देऊ नये.

पहिला प्रश्न: मेसेज पाठवला म्हणजे तो पोचला का? नाही. कंपनीच्या पडद्यावर Submitted दिसले तर त्याचा अर्थ इतकाच, की मेसेज मोबाइल कंपनीच्या स्वाधीन केला. फोनवर उतरल्यावर Delivered येते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली, रेंज गेली, फोन बंद पडला, की मेसेज ठरावीक वेळ वाट पाहतो आणि मुदत संपली की रद्द होतो. दुसरी अडचण रेंजशी संबंधित नाही. अशा मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. क्लार्कने त्यात स्वतःचा एखादा शब्द घातला, तरी मोबाइल कंपनी तो अडवू शकते आणि शाळेला पत्ताही लागत नाही. म्हणून प्रत्येक वेळी न पोचलेल्या नंबरांची यादी मागा आणि त्या घरी चिठ्ठी द्या. बंद पाकिटात. वर्गात मुलाला उभे करून नव्हे. मेसेज गेला होता एवढ्या आधारावर दंड तर मुळीच लावू नका.

दुसरा प्रश्न, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा: ज्याने फी भरली त्यालाच मेसेज गेला तर? समजा, एका आईने शनिवारी सकाळी ऑफिसात रोख पैसे भरले आणि पावती घेतली. तेवढ्यात वीज गेली. पावतीपुस्तकात नोंद झाली, संगणकावर राहिली. रविवारी सकाळी नऊला मेसेज सुटला, कारण यंत्राला पावतीपुस्तक दिसत नाही. त्या घरावर थकबाकीचा ठपका आला आणि चूक कुणाचीच नाही! यावर उपाय साधा आहे. मेसेज आपोआप सुटू नये. आदल्या दिवशी यादी छापावी, क्लार्कने ती पावतीपुस्तकाशी ताडावी, हेडमास्तरांनी सही करावी, मगच बटण दाबावे. यादी ताडली नाही तर त्या दिवशी मेसेज नाही, असे करारातच लिहून घ्या. यात आपोआप काय उरले, असे विक्रेता म्हणेल. म्हणू द्या.

तिसरा प्रश्न: मेसेज भलत्याच्या हाती गेला तर त्याला काय काय कळेल? इथल्या कितीतरी घरांत शाळेत दिलेला नंबर गोव्यात कामाला असलेल्या वडिलांचा असतो, नाहीतर शेजाऱ्याचा. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तेव्हा मेसेजमध्ये मुलाचे नाव, इयत्ता आणि बाकी रक्कम नको. एवढे पुरे: ‘शाळेची फी भरायची मुदत १० जुलै. भरली असल्यास दुर्लक्ष करा.’ याचा खर्चातही फायदा आहे. इंग्रजी अक्षरांच्या एका मेसेजमध्ये १६० चिन्हे मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी, मोकळी जागा सगळी वेगळी मोजतात. म्हणूनच विक्रेते इंग्रजी मजकूर पुढे करतात. वरचा मजकूर ५७ चिन्हांत बसतो, शाळेचे छोटे नाव घालायला जागा उरते आणि घरातल्या आईलाही तो वाचता येतो. थकबाकीदारांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे तर आजच बंद करा.

कंपनीला नंबर आणि मुदतीची तारीख पुरते. आधार, जात, उत्पन्न देऊ नका. करार संपल्यावर माहिती किती दिवसांत पुसणार, तेही लिहून घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. या कायद्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. चूक कंपनीने केली तरी जबाबदारी शाळेची, असे त्यात स्पष्ट आहे. ‘ते कंपनीवाले बघतील’ हे उत्तर पुढे चालणार नाही.

पालकांनो, या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात जा. घरात राहणारा नंबर आणि मेसेज कोणत्या भाषेत हवा ते लिहून द्या, जुना नंबर खोडून घ्या. प्रत्येक पावती जपून ठेवा. फीच्या मेसेजमध्ये पैसे भरायची लिंक आली तर ती उघडू नका. असा मेसेज शाळेच्या नावाने कुणीही पाठवू शकतो. आधी ऑफिसात फोन करून विचारा. शाळांनीही मेसेजमध्ये लिंक कधीच पाठवणार नाही, अशी पाटी ऑफिसच्या दारावर आजच लावावी.