7 ÷ 3 चं कौतुक आता पुरे!

रिस्टोरिंग डिव्हिजन म्हटलं की क्लासच्या नोट्सपासून परीक्षेपर्यंत उदाहरण एकच: 7 भागिले 3. चार ओळींचं टेबल पाठ करा, मार्क घ्या, विसरा. माझं स्पष्ट मत आहे की हे उदाहरण शिकवत काहीच नाही, उलट लपवतं.

आधी उजळणी. Q मध्ये भाज्य, M मध्ये भाजक, A म्हणजे बाकीचं रजिस्टर, सुरुवातीला शून्य. A आणि Q जोडीने एक घर डावीकडे सरकवा, A मधून M वजा करा. उत्तर ऋण आलं तर M परत मिळवून A पूर्ववत करा आणि Q च्या शेवटच्या बिटात 0 टाका, नाहीतर 1. असं चार वेळा.

आता खरा प्रश्न: ऋण आलं हे हार्डवेअरला कळतं कसं? नोट्स म्हणतात, A चा सर्वात डावा बिट बघा. ठीक, पण A किती बिटांचा? ऑपरंड 4 बिटांचे म्हणून A पण 4 बिटांचा ठेवला आणि 13 भागिले 11 करून बघितलं, तर हे होतं:

```
     सरकवून A   A-M    Q
1    0001       0110   1011
2    1101       0010   0111
3    0100       1001   1110
4    1001       1110   1100
```

पहिल्याच ओळीत घोळ आहे. 1 वजा 11 म्हणजे -10, पण 4 बिटांत ते 0110 दिसतं. डावा बिट 0, म्हणून मशीन खुशाल 1 टाकून पुढे जातं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत रिस्टोर होतं, पण तोवर उशीर झालेला असतो. शेवटी भागाकार 12, बाकी 9!

गंमत पुढेच आहे. बाकी भाजकापेक्षा लहान आहे, म्हणजे तिथे शंका येत नाही. 12 × 11 + 9 = 141. हा ताळा पण 4 बिटांत केलात तर 141 मधून 128 गळून 13 उरतात. चूकही पास, तपासणीही पास!

वजाबाकीचं उत्तर -15 ते +7 मध्ये कुठेही पडू शकतं, म्हणून पाचवा बिट लागतो. A 5 बिटांचा करा, किंवा सबट्रॅक्टरचा बॉरो बघा. मग पहिल्या तीन पायऱ्यांत बॉरो येतो, तिन्ही वेळा 0. चौथ्यात A मध्ये 13, त्यातून 11 गेले, राहिले 2. भागाकार 1, बाकी 2.

भाजक 8 पर्यंत असेल तर 4 बिटांचं हे लंगडं सर्किट बरोबर चालतं, 7 ÷ 3 त्यातलंच. म्हणून मास्तरांना विनंती: शून्य भाजक सोडला तर एकूण जोड्या 240 आहेत. टेबल लिहायला लावण्यापेक्षा पोरांना त्या सगळ्या चालवायला लावा, आणि ताळा रुंद रजिस्टरमध्ये करायला सांगा.