अलार्म वेळेवर वाजावा म्हणून

पारगावकरांनो, हे आवाहन तुमच्यासाठी आहे. जुन्नर तालुक्यातलं पारगाव तर्फे आळे असो की आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकर कारखान्याच्या शेजारचं पारगाव असो, दोन्हीकडे रात्रीची कामं आहेत. शेतीच्या लाइटची रात्रपाळी असते. कारखान्यात गळिताच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला जावं लागतं. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो घेऊन निघायचं असतं. पूर्वी घरातलं कोणीतरी जागं राहायचं. आता सगळी भिस्त उशाशी ठेवलेल्या फोनवर असते.

आणि फोन कधीकधी वाजत नाही.

कांद्याला पाणी द्यायचंय असं धरा. मोटारीला ऑटो बसवलेला आहे. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते. तुम्ही दारं धरायला उठलात तर ठीक. नाही उठलात तर पाणी एकाच वाफ्यात पडत राहतं. बांध फुटतो, पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं आणि तुमचा पुढचा कांदा कोरडाच राहतो. मग दचकून जाग येते. माणूस बॅटरी शोधत, कोणाला हाक न मारता, एकटाच रानाकडे पळतो. आपल्या भागात बिबट्या आहे. ठरल्या वेळी उठलेला माणूस शेजाऱ्याला सोबत घेतो, काठी घेतो, आवाज करत जातो. उशिरा उठलेला घाईत हे सगळं विसरतो.

म्हणून थोडा वेळ काढून फोन नीट तपासा. अलार्म वाजला नाही की लोक म्हणतात, फोन बिघडला. बहुतेक वेळा फोन बिघडलेला नसतो. कुठलीतरी एक सेटिंग आड आलेली असते. ती कोणती, हे फोनच्या वागण्यावरून ओळखता येतं.

आधी हे आठवा. सकाळी फोन हातात घेतला तेव्हा काय दिसलं?

पडद्यावर अलार्म चुकल्याची सूचना होती का? किंवा फोन थरथरला, उजेड झाला, पण सूर ऐकू आला नाही, असं घरातलं कोणी म्हणालं का? तसं असेल तर बहुधा अलार्म वेळेवर झाला होता. त्याचा आवाजच बंद होता.

फोनमध्ये एकच आवाज नसतो. फोन आल्याची रिंग वेगळी, गाण्या-व्हिडिओचा आवाज वेगळा आणि अलार्मचा आवाज वेगळा. बाजूचं बटण दाबून तुम्ही आवाज मोठा करता, तेव्हा नव्या फोनमध्ये बहुधा फक्त व्हिडिओचा आवाज वाढतो. अलार्मचा आवाज आहे तिथेच राहतो. तो शून्यावर असेल तर शून्यावरच. सेटिंगमध्ये Sound मध्ये जा. तिथे Alarm volume किंवा Alarm अशी वेगळी पट्टी असते. ती पूर्ण उजवीकडे न्या. काही फोनमध्ये ही पट्टी तिथे नसते. मग घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये अलार्म उघडा आणि त्याच्या सुरावर बोट ठेवा. तिथे ती दिसेल. आयफोनमध्ये मात्र घड्याळाचा अलार्म रिंगच्या आवाजाइतकाच वाजतो. रिंग बारीक केली की अलार्मही बारीक होतो.

घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये अलार्मचा सूरही पाहून घ्या. तिथे None किंवा Silent निवडलेलं नाही ना? एखादं आवडीचं गाणं लावलं असेल तर ते फोनमध्ये अजून आहे का? मेमरी कार्ड काढलं किंवा फाइल पुसली तर ते गाणं वाजायचं कुठून? फोनबरोबर आलेला एखादा कर्कश सूर लावा. गोड गाण्याने जाग येईलच असं नाही.

आता सायलेंटचं. साधा सायलेंट किंवा व्हायब्रेट केला तरी फोनच्या घड्याळाचा अलार्म वाजतो. त्याची धास्ती नको. धास्ती Do Not Disturb ची आहे. हे बटण वरून पडदा खाली ओढला की दिसतं. अर्ध्या चंद्राचं किंवा आडव्या रेघेच्या गोलाचं चित्र असतं. लहान मुलांच्या हातून ते सहज दाबलं जातं. हे चालू असलं तरी अलार्मला सहसा सूट असते. पण ती सूट काढता येते. काही फोनमध्ये Total silence असा प्रकार असतो. तो लावला तर अलार्मही गप्प बसतो.

रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. झोपमोड होऊ नये म्हणून तुम्ही सगळं बंद करता आणि त्यातच उठवणाराही बंद होतो. Do Not Disturb च्या सेटिंगमध्ये Alarms अशी ओळ शोधा आणि तिला परवानगी द्या. तिथेच घरच्या दोन नंबरांनाही सूट देऊन ठेवा. Repeat callers अशी ओळ असेल तर तीही चालू करा. मग एकाच माणसाने पंधरा मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजतो. अडीअडचणीला ते उपयोगी पडतं.

दुसरी खूण याहून फसवी आहे. ती नीट समजून घ्या.

तुम्ही पावणेबाराचा अलार्म लावला. तो वाजला नाही. दोन वाजता तहान लागली म्हणून उठलात. किती वाजले बघायला फोन उचलला आणि पडदा उजळताच अलार्म वाजायला लागला. असं झालं तर आवाजाच्या पट्ट्यांशी खेळत बसू नका. आवाज ठीक आहे. तुमचं अलार्मचं अ‍ॅप झोपलं होतं.

अँड्रॉइड फोन चार्जरवर नसला, पडदा बंद असला आणि बराच वेळ हललाही नसला की बॅटरी वाचवायला गाढ झोपतो. 2015 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 6 पासून ही सोय आहे. त्या झोपेत बाहेरून घेतलेली अ‍ॅप थांबवून ठेवलेली असतात. त्यांची कामं मधूनमधून, एकदम उरकली जातात. फोनबरोबर आलेल्या घड्याळाला मात्र ठरल्या वेळी जागं होण्याचा हक्क असतो. बाहेरून घेतलेल्या अ‍ॅपला तो हक्क असेलच असं नाही. औषधाची, पाण्याच्या पाळीची, हिशेबाची आठवण देणारी अ‍ॅप यातच येतात.

यावरून एक कोडंही सुटतं. घरी वाजणारा अलार्म रानातल्या खोलीवर का वाजत नाही? घरी फोन रात्रभर चार्जरला असतो, म्हणून तो गाढ झोपत नाही. खोलीवर तो बाजेवर नुसता पडून असतो. घरातली लाइट रात्री गेली तरी हेच होतं. पिन लावलेली असते, पण चार्जिंग थांबलेलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला सरळ आहे. जे काम चुकवून चालणार नाही, त्याचा अलार्म फोनच्या स्वतःच्या घड्याळातच लावा. बाहेरचं अ‍ॅप कितीही सुंदर असो.

तेच अ‍ॅप वापरायचं असेल तर त्याला मोकळीक द्यावी लागेल. त्या अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरा आणि App info उघडा. तिथे तीन गोष्टी बघा.

Battery मध्ये जाऊन Unrestricted निवडा. काही फोनमध्ये याला No restrictions म्हणतात. Autostart असं बटण दिसलं तर तेही चालू करा.

मग Alarms & reminders ही परवानगी बघा. अँड्रॉइड 14 पासूनच्या फोनवर नवीन घेतलेल्या बऱ्याच अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही. ती नसली की अलार्मला उशीर होऊ शकतो.

शेवटी Notifications उघडा. ती बंद असतील तर आठवण येणारच नाही. चालू असतील तर आत त्या अ‍ॅपच्या सूचनांचे प्रकार दिसतात. प्रत्येकाचा आवाज वेगळा ठरवता येतो. आठवणीच्या प्रकारापुढे Silent असेल तर ती गुपचूप येऊन पडते. ते बदला.

आणि मोबाइल साफ करणारी, बॅटरी वाढवतो म्हणणारी अ‍ॅप काढून टाका. ती इतर अ‍ॅप बंद पाडतात, त्यात तुमचं अलार्मचं अ‍ॅपही जातं. Force stop केलेलं अ‍ॅप तर तुम्ही पुन्हा उघडेपर्यंत उठत नाही.

तिसरी खूण म्हणजे काहीच झालेलं नसणं. सूचना नाही, उशिराचा अलार्म नाही. अशा वेळी बहुधा अलार्म मुळात त्या वेळेचा लागलेलाच नसतो. रात्री बाराचा लावताना 12 पुढे AM हवं. PM राहिलं तर तो दुपारी बाराला वाजेल. रोजचा हवा असेल तर सातही वार निवडलेले हवेत. नाहीतर तो एकदा वाजतो आणि बंद होतो. अलार्म लावला की पडद्यावर किती तासांनी वाजणार ते क्षणभर लिहून येतं. तेवढं वाचायची सवय ठेवा. रात्री नऊला लावलेला अलार्म पंधरा तासांनी वाजणार म्हणत असेल तर तिथेच चूक कळते.

फोन बंद पडला असेल तर बहुतेक फोनमध्ये अलार्म वाजत नाही. तेव्हा रानात जाताना बॅटरी भरून न्या. रात्री फोन आपोआप बंद होऊन चालू झाला, तर तुम्ही पिन टाकून उघडेपर्यंत बाहेरची अ‍ॅप जागी होत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो. बहुतेक जण दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावतात, तो वाजतो आणि निश्चिंत होतात. त्या परीक्षेत फक्त आवाज कळतो. दोन मिनिटांत फोन गाढ झोपत नाही.

खरी परीक्षा दुपारी घ्या. दोन-तीन तासांनंतरचा अलार्म लावा. चार्जर काढा. पडदा बंद करून फोन फळीवर ठेवा आणि त्याला हात लावू नका. मुलांनाही लावू देऊ नका. वेळ झाली की भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. मिनिटाला मिनिट वाजला तर फोनवर भरवसा ठेवा. उशिरा वाजला, किंवा उचलल्यावर वाजला, तर बॅटरीची सेटिंग पुन्हा बघा. फोनमध्ये मोठं अपडेट आलं किंवा नवीन फोन घेतला की ही परीक्षा पुन्हा घ्या.

एवढं करूनही रात्रपाळीच्या दिवशी एका फोनवर विसंबू नका. शेजारच्या रानातल्या माणसाशी बोलून ठेवा. जो आधी उठेल त्याने दुसऱ्याला फोन करायचा आणि दोघांनी मिळूनच निघायचं. ज्या घरात म्हातारी माणसं औषधासाठी अलार्म लावतात, त्या घरातल्या शिकत्या मुलामुलींनी आज दुपारीच त्यांचा फोन हातात घ्यावा आणि वरची परीक्षा करून द्यावी.