हम्पवर पाणी चढतं की उतरतं?

व्हायवात हा प्रश्न आला की आपण बहुतेक जण बेधडक "चढतं" म्हणतो. मीही म्हणालो होतो. त्यामुळे माझं ठाम मत झालंय की हम्पचं गणित सूत्रापासून नव्हे, स्पेसिफिक एनर्जीच्या आलेखापासून सुरू करावं. आपण आलेख शेवटी काढतो, तोही जर्नल सजवायला.

आपल्या फ्लूमच्याच मापाचं उदाहरण घ्या. रुंदी ३० सेंमी, प्रवाह सेकंदाला ३० लिटर, खोली २० सेंमी. वेग अर्धा मीटर, म्हणून तळापासून मोजलेली ऊर्जा E साधारण २१.३ सेंमी. या प्रवाहाची क्रिटिकल डेप्थ १० सेंमी आणि तिथली ऊर्जा, म्हणजे आलेखाचं नाक, १५.१ सेंमी. आपण नाकाच्या वरच्या फांदीवर आहोत, प्रवाह सबक्रिटिकल.

आता ४ सेंमीचा हम्प ठेवा. तळ वर आला, म्हणून E तेवढीच घटून १७.३ झाली. वरच्या फांदीवर E कमी म्हणजे खोलीही कमी. आलेखावर वाचा, १५ सेंमी. तळ ४ ने चढला, खोली ५ ने घटली. म्हणजे पृष्ठभाग १ सेंमी खालीच आला!

हम्प ६.२ सेंमीचा केला की आपण बरोबर नाकावर पोचतो. आणि ८ सेंमीचा केला तर? E उरते १३.३, आणि तिथे आलेखच नाही. परीक्षेत मी तरीही समीकरण सोडवत बसलो. कॅल्क्युलेटरने ऋण खोली दिली, ती मी "चुकून आली" समजून चिन्ह बदलून लिहिली. (मार्क किती मिळाले ते विचारू नका.)

खरं तर पाण्याने आपल्याला सांगितलेलं असतं की २० सेंमीचा आग्रह सोडा. हम्पवरून सगळा प्रवाह जाऊ शकत नाही, तो मागे साचतो, आणि मागची E १५.१ अधिक ८, म्हणजे २३.१ होईपर्यंत पातळी चढते. मागची खोली सुमारे २२ सेंमी होते, हम्पवर १० सेंमीच राहते. प्रवाह तोच, म्हणून आलेख तोच. आपला बिंदू तेवढा उजवीकडे सरकतो. यालाच चोकिंग म्हणतात.

हे ओळखायचं कसं? खालच्या टोकाचं टेलगेट थोडं हलवा. मागची पातळी बदलली तर हम्प चोक नाही. ढिम्म राहिली तर नियंत्रण हम्पकडे आहे. ही पाच मिनिटांची गंमत प्रॅक्टिकलमध्ये हवीच. आपण एकच छोटा हम्प ठेवून रीडिंग घेतो आणि निघतो.

आणखी एक. गोलाकार हम्पच्या माथ्यावर प्रवाहरेषा वाकतात, दाब हायड्रोस्टॅटिक राहत नाही, घर्षणही असतं. तेव्हा पॉइंट गेजने नेमके १० सेंमी दाखवले नाहीत, तर मित्रांनो, रीडिंग 'शिजवू' नका. मिळालं तेच लिहा आणि फरक का पडला ते सरांशी भांडा.