हळदीच्या रात्रीचे पाऊल : मोजक्या गिऱ्हाइकांवरून जाहिरातीची ओळ

व्यापारी घरांत पूर्वी गिऱ्हाईक ओळखण्याची विद्या गल्ल्यावर बसूनच अवगत होत असे. पायरी चढणाऱ्याकडे पाहून कोणता जोड खाली काढावा, हे वडिलधाऱ्यांना सांगावे लागत नसे. आता दुकानाचा काही भाग मोबाईलच्या पडद्यावर गेला आहे. तेथे समोर चेहरा नसतो. छायाचित्राखाली दोन-चार ओळी लिहायच्या असतात आणि त्या कोण वाचणार हे ठाऊक नसते. म्हणून बहुतेकांच्या ओळी सारख्याच होतात. 'परंपरेचा साज, सौंदर्याचा बाज, नवा माल आला, आजच घ्या' ही ओळ मोजडीखाली चालते, पैठणीखाली चालते आणि बांगड्यांखालीही चालते. जी ओळ कुठेही चालते, ती कोणालाच थांबवीत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. इंग्रजी व्यापारशास्त्रात त्याला बायर पर्सोना म्हणतात. आपण त्याला 'नमुना गिऱ्हाईक' म्हणू. ठाऊक असलेल्या पाच-सहा खऱ्या गिऱ्हाइकांवरून एका व्यक्तीचे शब्दचित्र काढायचे आणि पुढे प्रत्येक ओळ तिला उद्देशून लिहायची, एवढेच त्याचे स्वरूप आहे. ते कसे करावे हे एका उदाहरणावरून पाहू. दुकान व गिऱ्हाइके कल्पिलेली आहेत, परिसर मात्र खरा आहे.

न्हावा शेवा बंदराच्या आसपास, उरणच्या बाजारात, पारंपरिक पादत्राणांचे एक लहान दुकान आहे असे समजू. माल कापडी मोजड्यांचा, चामडे मुळीच नाही. घरची सूनबाई इन्स्टाग्रामवर छायाचित्रे टाकते आणि व्हॉट्सॲपवर मागण्या घेते. आसपास आगरी-कोळ्यांची जुनी गावे आहेत, तशीच बंदरामुळे वाढलेली द्रोणागिरी आणि उलव्याची नवी वस्ती आहे. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून येथील गिऱ्हाइकाला मुंबईचा बाजारही जवळचा झाला आहे. अशा वेळी 'सुंदर मोजडी' एवढे सांगून भागत नाही.

प्रथम सहा नावे निवडावीत. वहीतून आणि व्हॉट्सॲपच्या संवादांतून दोन पुन्हा आलेली, तीन नवी आणि एक माल परत केलेली अशी निवड बरी. परत करणारे गिऱ्हाईक टाळू नये, कारण आपण काय सांगायचे राहिलो हे तेच दाखवते. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहाव्यात : कोणत्या प्रसंगासाठी घेतले, पहिला प्रश्न कोणता विचारला, कशापाशी अडखळली आणि निर्णयात आणखी कोण होते. प्रश्न तिच्याच शब्दांत लिहावा, आपल्या भाषेत सुधारून नव्हे.

आपल्या दुकानाची नोंद अशी झाली. उलव्याची तरुणी, कस्टम ब्रोकरच्या कार्यालयात काम करणारी, मैत्रिणीच्या हळदीसाठी : 'ही घालून नाचता येईल ना?' जासईची बाई, भावाच्या लग्नासाठी : 'पाऊल रुंद आहे, सात नंबर बसेल का?' उरणच्या शिक्षिका, शाळेत रोज घालण्यासाठी : 'मागून चावणार तर नाही?' करंज्याची एक वहिनी, पुतण्याच्या हळदीसाठी : 'शुक्रवारपर्यंत एकाच रंगाचे सहा जोड मिळतील का?' पनवेलच्या एक श्राविका, रोज मंदिरात जाण्यासाठी : 'चामडे अजिबात नाही ना? आतल्या थरातही?' आणि द्रोणागिरीची एक मुलगी, जिने घरच्या लग्नासाठी आईला जोड घेतला, पण पावलाला आवळतो म्हणून परत केला.

आता या नोंदी समोर ठेवून सारखेपणा शोधावा. येथे बहुतेकजण वय, उत्पन्न आणि राहण्याचे ठिकाण यांवरून गट पाडतात. त्याचा उपयोग थोडा होतो. उलव्याची नोकरदार तरुणी आणि द्रोणागिरीची आई यांच्या वयात तीस वर्षांचे अंतर असेल, पण दोघींचा प्रसंग एक आहे. म्हणून गट प्रसंगावरून पाडावेत. सहांपैकी चौघी लग्नघराशी निगडित आहेत. शंका पाहिली तर नाचणे, रुंद पाऊल, टाचेला चावणे आणि आवळणे या चार नोंदी एकाच चिंतेच्या आहेत : पाय दुखेल का? भरतकाम किती बारीक आहे, हे सहांपैकी एकीनेही प्रथम विचारले नाही. आपली जुनी ओळ मात्र संपूर्ण भरतकामावरच होती.

श्राविकेचा प्रश्न सहांत एकदाच आला, म्हणून तो गौण मानू नये. गिऱ्हाइकाच्या मनातील गोष्टी दोन प्रकारच्या असतात. काही खरेदीस प्रवृत्त करतात, तर काही अटी असतात. अट पूर्ण झाली नाही तर बाकी सर्व व्यर्थ. प्रवृत्त करणारी गोष्ट किती जणींनी बोलून दाखवली ते मोजावे. अट मात्र मोजू नये, ती प्रत्येक ओळीखाली सरळ सांगून टाकावी. परंतु सांगण्यापूर्वी खात्री करावी. वरचे कापड डोळ्यांना दिसते, पण अस्तर, तळातला थर आणि चिकटवण्याचे द्रव्य दिसत नाही. सरस हा प्राणिज पदार्थ आहे. कारागिराकडून या तिन्हींविषयी लेखी उत्तर घ्यावे, आणि जेवढे कळले तेवढेच लिहावे.

याच कारणाने 'कोल्हापुरी' हा शब्दही जपून वापरावा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांचे आहे, आणि ती चप्पल वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याची असते. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घाटाच्या चपला नाव न घेता सादर केल्या आणि टीकेनंतर त्यांचे मूळ मान्य केले. नाव न घेणे जसे खटकले, तसेच रेक्झिनच्या चपलेला ते नाव देणेही अयोग्य आहे. त्यात कारागिराचा हक्क डावलला जातो आणि चामडे वर्ज्य मानणाऱ्या गिऱ्हाइकाचाही गैरसमज होतो.

नमुना गिऱ्हाईक आता पाच वाक्यांत उभे राहते. 'ती लग्नघरातली वहिनी आहे. हळदीच्या रात्री तीन-चार तास उभे राहायचे आणि नाचायचे आहे. तिचे पाऊल रुंद आहे आणि नवी मोजडी चावल्याचा अनुभव तिला आहे. जावा-नणंदांना विचारून ती ठरवते, बहुधा एकाच रंगाचे अनेक जोड घेते. तारखेच्या आत माल हातात हवा, ही तिची घाई आहे.' एवढे पुरे. तिला नाव, आवडता चित्रपट आणि पगार देत बसू नये. जे नोंदीत नाही ते चित्रात आले की आपण गिऱ्हाइकाऐवजी स्वतःच्या कल्पनेशी बोलू लागतो.

या चित्रावरून ओळी अशा होतील : 'हळदीला रात्रभर नाचायचे आहे? टाचेला मऊ पट्टी असलेली कापडी मोजडी, रुंद पावलासाठीही. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा, नंबर आम्ही सांगू. एकाच रंगाचे सहा जोड चार दिवसांत. कापड, अस्तर, तळ, कुठेही चामडे नाही. हळदीचा डाग कापडावरून जात नाही, म्हणून पिवळा रंग घ्यावा.' प्रसंग पहिल्याच वाक्यात आला आहे, कारण पडद्यावर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे उघडून वाचावे लागते. पाऊल रुंद की अरुंद हे लांबीवरून कळत नाही, म्हणून संवादात पंजाची रुंदीही विचारून घ्यावी. शेवटचे वाक्य मालाचा दोष सांगते, पण हळदीच्या घरात तोच सल्ला उपयोगी पडतो आणि उद्याची तक्रार टळते.

हे बरोबर जमले की नाही, हे कसे ओळखावे? पसंतीचे बदाम मोजू नयेत, ते छायाचित्रालाही मिळतात. तीन जोडांखाली जुन्या पद्धतीच्या आणि त्यांच्याच तोडीच्या तीन जोडांखाली नव्या ओळी द्याव्यात, आणि पंधरा दिवस आलेले प्रश्न वहीत उतरावेत. 'नंबर कसा ठरवू?', 'कधी मिळेल?' हे प्रश्न कमी होऊन गिऱ्हाईक थेट लांबी आणि तारीख कळवू लागले, तर ओळ योग्य ठिकाणी पोहोचली. संख्या लहान असते, म्हणून दोन मागण्या जास्त आल्या एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. प्रश्नांचे स्वरूप बदलले का, हे पाहावे. 'रोज ऑफिसला चालेल का?' असे प्रश्न वारंवार येऊ लागले, तर उरणच्या शिक्षिकेसारखे दुसरे गिऱ्हाईक दाराशी उभे आहे असे समजावे. तिच्यासाठी वेगळे चित्र आणि वेगळी ओळ लिहावी. दोघींना एकाच ओळीत बसवले की पुन्हा 'परंपरेचा साज' उरतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात असाव्यात. ओळखीची गिऱ्हाइके म्हणजे बहुतांशी ज्यांनी घेतले ती. जी विचारून निघून गेली ती वहीत नसतात. म्हणून व्हॉट्सॲपमधील अशा दोन संवादांची नोंद जरूर जोडावी. आपल्या उदाहरणात त्या दोघींनी 'कधीपर्यंत येईल?' विचारले आणि स्पष्ट उत्तर न मिळाल्याने विषय सोडला, असे आढळले. तारखेची ओळ वर आली ती त्यामुळेच. दुसरे, सहा जणींवरून कसे बोलावे हे कळते, किती माल भरावा हे कळत नाही. साठ्याचा हिशेब विक्रीच्या वहीवरूनच करावा. तिसरे, हे चित्र हंगामापुरते असते. चातुर्मासात लग्ने थांबतात आणि किनाऱ्यावरच्या पावसात कापडी मोजडी टिकत नाही. आषाढ लागला की वहिनीचे चित्र बाजूला ठेवून त्या महिन्यांतील सहा नवी नावे निवडावीत.

आणि एक पथ्य. गिऱ्हाइकाचे शब्द आपण ओळ सुचण्यासाठी वापरतो. तिचा संवाद, नाव किंवा लग्नघराचे छायाचित्र तिला विचारल्याशिवाय जाहिरातीत टाकू नये. या वहीतील पान दुकानाबाहेर जाण्यासाठी नसते. आजच्या आज आपल्या संवादांतून सहा पहिले प्रश्न जसेच्या तसे उतरून काढावेत आणि आपल्या शेवटच्या जाहिरातीशेजारी ठेवावेत. त्या जाहिरातीने सहांपैकी किती प्रश्नांची उत्तरे दिली होती, हे मोजायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.