खड्याची जागा काळी

एमआरआय केंद्राच्या खिडकीपाशी नातेवाईक हमखास एक प्रश्न विचारतात: ‘इंजेक्शन न देताच तपासणी केली, मग ती नीट झाली का?’ सीटी स्कॅनच्या अनुभवाने आपल्याकडे कॉन्ट्रास्ट म्हणजे पूर्ण तपासणी आणि बिनकॉन्ट्रास्ट म्हणजे अर्धवट, असे एक समीकरण बसले आहे. पित्तनलिकेतल्या खड्यांसाठी केलेल्या एमआरसीपीला ते लागू पडत नाही. इथे बाहेरून काही सोडायची गरजच नसते. नलिकेत भरलेले पित्त हाच इथला कॉन्ट्रास्ट.

एमआरआयच्या यंत्रातून रेडिओलहरींचा ठोका दिला की शरीरातल्या पाण्यातले हायड्रोजनचे अणू उलट संदेश देतात आणि तो हळूहळू विझत जातो. यकृतासारख्या घट्ट अवयवातला संदेश थोड्याच मिलिसेकंदांत मावळतो. पित्तासारख्या साचलेल्या पातळ द्रवातला मात्र कितीतरी जास्त वेळ टिकतो. एमआरसीपीत यंत्र मुद्दाम उशिरा ऐकते. तोवर यकृत, चरबी, स्नायू गप्प झालेले असतात आणि बोलत राहतो तो फक्त द्रव. म्हणून चित्रात काळ्या पार्श्वभूमीवर पित्तनलिकेचे पांढरेशुभ्र झाड उमटते. खड्यात असे मोकळे पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे तो त्या पांढऱ्या धारेत काळा राहतो. खरे तर खडा दिसतच नाही, पित्ताने सोडलेली त्याची जागा दिसते.

तपासणीआधी चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात, तेही यासाठीच. जठर आणि आतड्यातले पाणीही पित्ताइतकेच चकाकते आणि नलिकेच्या चित्रावर चढते. काही ठिकाणी आधी अननसाचा रस पाजतात. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातला द्रव काळवंडतो आणि नलिका मोकळी दिसते.

आता एक नमुना घेऊ. पन्नाशीच्या बाईंना उजव्या बरगडीखाली कळ येते, डोळे पिवळसर झालेत, बिलिरुबिन 2.8 आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आहेत, मुख्य नलिका 9 मिलिमीटर रुंद आहे, पण तिचे खालचे टोक आतड्यातल्या गॅसमुळे दिसले नाही. आपल्याकडच्या रिपोर्टांत हे वाक्य किती वेळा येते! एमआरसीपी होते. हातात येणाऱ्या फिल्मवर सगळ्यात देखणे चित्र असते जाड कापाचे, अख्खे झाड एका नजरेत दाखवणारे. त्यात नलिका रुंद आहे, पण सलग पांढरी. खडा नाही म्हणून घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पातळ काप एकेक करून पाहिले तर नलिकेच्या खालच्या भागात 5 मिलिमीटरचा काळा गोल दिसतो आणि त्याच्या पुढच्या बाजूला पित्ताची पांढरी कोर. जाड कापात समोरच्या पित्ताच्या उजेडाने तो झाकून टाकलेला होता.

काळे दिसले म्हणजे खडाच, असेही नाही. नलिकेत हवेचा बुडबुडा असला तर तोही काळाच दिसतो. आधी दुर्बिणीने नलिकेचे तोंड कापलेल्या किंवा स्टेंट घातलेल्या रुग्णात तो अनेकदा भेटतो. रुग्ण उताणा झोपलेला असतो, त्यामुळे आडव्या कापात हवा वर, म्हणजे पोटाच्या बाजूला तरंगते आणि खडा पाठीकडे बसतो. शेजारून जाणारी धमनी नलिकेला आडवी दाबत असली तरी तिथे काळी फट पडल्यासारखी वाटते. उलट, नलिकेच्या अगदी तोंडाशी रुतलेल्या खड्याभोवती पित्तच नसेल, तर त्याला पांढरी कड मिळत नाही आणि तो निसटतो. पाच मिलिमीटरहून बारीक खडेही असेच हुलकावणी देतात. कावीळ उतरत नसेल, तर ‘खडा नाही’ या रिपोर्टवर निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

गाठीचा संशय असेल तर इंजेक्शनसह एमआरआय लागतो, तो प्रश्न वेगळा. थंडी वाजून ताप आणि कावीळ असताना मात्र चित्रासाठी रांगेत थांबू नये. तिथे नलिका मोकळी करणे आधी. पण नलिकेत खडा आहे की नाही एवढेच ठरवायचे असेल, तर ते ठरवण्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत रंग सोडण्याची गरज उरलेली नाही. त्या ईआरसीपीने काहींना स्वादुपिंडाला सूज येते; ती खडा काढण्यासाठीच राखावी.

तेव्हा ‘इंजेक्शन का नाही दिले’ हे विचारू नका. सगळ्या पातळ कापांची सीडी मागा आणि सर्जनकडे जाताना फिल्मबरोबर तीही न्या.