गुणपत्रिका आधीच बोललेली असते

हर्सूल टी-पॉइंटवर चहा पिता पिता मिळणारा एक सल्ला पोरांमध्ये फार लोकप्रिय आहे: ‘विषय राहिले होते हे सांगूच नको. विचारलंच तर घरची अडचण होती म्हण.’ यातलं अर्धं मला मान्य आहे. न विचारता रडगाणं गाऊ नये, हे खरंच. पण ‘घरची अडचण’ हे उत्तर टिकत नाही. प्रत्येक सेमिस्टरच्या गुणपत्रिकेवर परीक्षेचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. चार वर्षांच्या पदवीला पाच लागली, हे एचआरला तुम्ही खुर्चीत बसायच्या आधीच दिसलेलं असतं. शिवाय अडचण म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘कसली?’ आणि तिथे बनवलेली गोष्ट उसवते.

समजा, हर्सूलचा एक मेकॅनिकलचा मुलगा वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी विभागासाठी मुलाखतीला गेला आहे. पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग मेकॅनिक्स अडकल्यामुळे त्याला तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही आणि वर्ष गेलं. त्याने एवढंच म्हणावं: ‘सर, मेकॅनिक्स दोनदा राहिला, म्हणून वर्ष गेलं. पाठांतरावर भिस्त होती, गणितं सोडवली नव्हती. त्या वर्षी विषय काढला आणि मामांच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअर, मायक्रोमीटर वापरायला शिकलो. आता एकही विषय बाकी नाही.’ आणि थांबावं. वर्कशॉप नसेल तर तेही जोडू नये; ‘घरी बसून अभ्यास केला’ हे चालतं.

इथे दुसरा आक्षेप येतो: एवढं उघड बोललं तर ते त्याच विषयात घेरतील. घेरतीलच! ‘उतारावरच्या ठोकळ्याची फ्री बॉडी डायग्राम काढा’ म्हणून कागद पुढे करतील. वजन, लंब प्रतिक्रिया आणि घर्षण हे तीन बाण बरोबर काढले, की जुन्या नापासावरची चर्चा बहुधा तिथेच संपते. म्हणून राहिलेला विषय मुलाखतीच्या आदल्या रात्री सगळ्यात आधी उघडावा. बहुतेक जण नेमका तोच टाळतात.

अर्जातला प्रश्नही नीट वाचावा. ‘सध्या बॅकलॉग आहे का?’ याला सगळे विषय निघालेल्या मुलाने ‘नाही’ लिहिणं ही लबाडी नव्हे. ‘कधी बॅकलॉग होता का?’ याला मात्र ‘होय’च. आणि 59.6 चे 60 करू नयेत. रुजू झाल्यावरही कागद तपासले जातात, आणि तिथे कमी गुणांपेक्षा खोटा आकडा महागात पडतो. जिथे दहावीपासून सलग 60 टक्क्यांची अट आहे, तिथे कितीही सरळ उत्तर उपयोगाचं नाही. त्या अर्जांवर वेळ घालवण्यापेक्षा वाळूज-शेंद्र्यात बायोडेटा थेट नेऊन द्यावा.